सरकत्या जिन्याची मोटरशक्ती आणि रोजचा वीजवापर

सरकत्या जिन्याला किती किलोवॅटची मोटर लागेल, हे प्रवाशांचा भार, पायऱ्यांचा वेग आणि जिन्याचा कोन या तीन गोष्टींवरून काढतात. यांपैकी पहिल्या दोन शेवटपर्यंत हिशेबात राहतात. कोन मात्र मध्येच निघून जातो. मोटरवरच्या पाटीतला आकडा तासांनी गुणून दिवसाची वीज काढायला गेले, तर उत्तर तीन-चार पटींनी चुकते. या दोन्ही गोष्टी मॉलमधला एक साधा जिना घेऊन पाहता येतात.

दोन मजल्यांमधले अंतर ५ मीटर, पायरीची रुंदी १ मीटर, कोन ३० अंश आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर, असा जिना धरू. ३० अंशांची ज्या, म्हणजे साइन, अर्धी असल्यामुळे ५ मीटर चढायला १० मीटर उतार लागतो. साखळीवर दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे ४० सेंटीमीटर असते, म्हणजे उतारावर एका वेळी २५ पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी मागचीपेक्षा २० सेंटीमीटर वर असते. वरच्या आणि खालच्या टोकाला दोन-तीन पायऱ्या सपाट चालतात. त्यांच्यावरचे वजन रुळांवर जाते, ते उचलावे लागत नाही; म्हणून त्या मोजायच्या नाहीत.

आता भार. ईएन ११५ या युरोपीय मानकात ब्रेकच्या हिशेबासाठी १ मीटर रुंद पायरीवर १२० किलो, ८० सेंटीमीटरच्या पायरीवर ९० किलो आणि ६० सेंटीमीटरच्या पायरीवर ६० किलो वजन धरले आहे. मोटरसाठीही तोच आकडा घेतला की आपण सुरक्षित बाजूला राहतो. २५ पायऱ्यांवर १२० किलोप्रमाणे ३,००० किलो होतात. उतारावर या वजनाचा अर्धाच भाग साखळीला मागे ओढतो, म्हणजे सुमारे १४,७०० न्यूटन. हा ओढा सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने ओलांडायचा, तर ७.३६ किलोवॅट लागतात.

हाच जिना ३५ अंशांचा केला तर? चढ तीव्र झाला म्हणजे मोटर मोठी लागणार, असे कुणालाही वाटेल. पण तेच ५ मीटर चढायला आता ८.७ मीटरच उतार लागतो. पायऱ्या २५ वरून २२ वर येतात, उभी माणसेही त्याच प्रमाणात कमी होतात. प्रत्येक माणसाचा मागचा ओढा जितका वाढला, तितकीच माणसांची संख्या घटली. गुणाकार पुन्हा ७.३६ वरच येतो. सूत्रात मांडले तर कोन दिसतही नाही:

```
P = q × g × H × v
```

येथे q म्हणजे उताराच्या दर मीटरवरचे वजन (आपल्या जिन्यात १२० भागिले ०.४, म्हणजे ३०० किलो), g म्हणजे ९.८१, H ही उभी उंची आणि v हा उताराच्या दिशेचा वेग. कोनाचा परिणाम उरतो तो घर्षणावर: उतार लांब झाला की साखळी, चाके आणि हँडरेलही लांब होतात. तरीही सगळे जिने ३५ अंशांचे का करत नाहीत, याचे कारण वीज नाही. इतक्या चढावर उतरताना माणसाला भीती वाटते. मानकानेही ३५ अंशांना परवानगी दिली आहे ती फक्त ६ मीटरपर्यंतच्या उंचीसाठी आणि अर्ध्या मीटरपर्यंतच्या वेगासाठी.

मोटरची निवड : ७.३६ किलोवॅट हे फक्त माणसे उचलण्याचे झाले. पायऱ्यांची चाके रुळांवर घासतात, साखळी प्रत्येक सांध्यात वळते, रबरी हँडरेल खाचेतून सरकत जाते. आपल्या जिन्याला यासाठी १.२ किलोवॅट धरू. बेरीज ८.५६ होते. ही शक्ती गिअरबॉक्समधून येते आणि तिथे काही भाग उष्णतेत जातो. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मोटरच्या दांड्यावर साधारण १०.१ किलोवॅट हवेत. मोटरी ठरावीक मापांत मिळतात: ७.५, मग ११, मग १५. म्हणून इथे ११ किलोवॅटची मोटर बसते.

प्रत्यक्षात ती पूर्ण भाराने क्वचितच चालते. प्रत्येक पायरीवर दोन माणसे उभी राहिली, तर हा जिना तासाला ९,००० माणसे नेईल. पण अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून कुणी उभे राहत नाही, आणि गर्दीतही मधल्या पायऱ्या सुटतातच. मानक १ मीटर रुंदीला आणि अर्ध्या मीटर वेगाला तासाला ६,००० माणसे धरते. तेवढ्या गर्दीत उतारावर एका वेळी ३३ माणसे असतात. ७५ किलोप्रमाणे त्यांचे २,५०० किलो आणि उचलण्याची शक्ती ६.१ किलोवॅट. वेग ०.६५ केला तर क्षमताही ३० टक्क्यांनी वाढायला हवी. मानकात ती ७,३०० म्हणजे जेमतेम २२ टक्क्यांनी वाढलेली दिसते. पायरी जोरात निघू लागली की माणूस पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर अडखळतो आणि तिथेच वाढीचा काही भाग निसटतो.

चालत्या जिन्यावर जो स्वतः पायऱ्या चढतो, तो मोटरचे काम वाढवत नाही, कमी करतो. त्याच्या वजनाचा ओढा सरासरीने तेवढाच असतो, पण तो जिन्यावर कमी वेळ राहतो; उरलेली उंची त्याने स्वतःच्या पायांनी चढलेली असते.

दिवसाची वीज : मॉल सकाळी १० ते रात्री १० असे १२ तास चालू असतो आणि या जिन्याने दिवसाला ८,००० माणसे वर जातात, असे धरू. पाटीवरचे ११ किलोवॅट १२ तासांनी गुणले, तर १३२ युनिट येतात. जिना एवढी वीज घेत नाही. खरा हिशेब दोन भागांत करावा लागतो: जिना रिकामा फिरवण्याची वीज आणि माणसे उचलण्याची वीज.

एका ७५ किलोच्या माणसाला ५ मीटर उचलायला सुमारे ३,६८० ज्यूल लागतात, म्हणजे १.०२ वॅट-तास. मोटर, गिअर आणि भारामुळे वाढणारे घर्षण मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर मीटरवर १.४६ वॅट-तास पडतात. ८,००० माणसांचे झाले ११.७ युनिट. दुसरीकडे, रिकामा जिना फिरताना हा संच सुमारे २ किलोवॅट घेतो. १२ तासांचे २४ युनिट. एकूण जवळजवळ ३६ युनिट, आणि त्यांतले दोन तृतीयांश कुणालाही न उचलता गेलेले.

शेजारचा उतरणारा जिना याहून कमी घेतो. उतरणारा प्रत्येक माणूस साखळीला पुढे ढकलतो. एकाचा वाटा सुमारे १८४ वॅट असतो, म्हणून सात माणसे झाली की पायऱ्यांचे १.२ किलोवॅटचे घर्षण फिटते. गिअर आणि मोटरमधला व्यय धरून आणखी दोन-तीन माणसे आली, की मोटर वीज घेण्याऐवजी जनित्र होऊन परत देऊ लागते. थेट जोडलेल्या चार ध्रुवी इंडक्शन मोटरचा वेग तेव्हा १,५०० फेऱ्यांच्या किंचित वर जातो. मोटरचा वेग बदलणारा इन्व्हर्टर मध्ये असेल, तर मात्र तो वीज परत पाठवणारा आहे की नाही हे पाहावे लागते. नसेल, तर ती ऊर्जा रोधकात तापून संपते आणि मीटरवर तिची नोंद होत नाही.

रिकाम्या वेळी वेग कमी करणे हा बचतीचा नेहमीचा मार्ग आहे. जिन्याच्या तोंडाशी संवेदक असतो. काही वेळ कुणी आले नाही तर इन्व्हर्टर वेग सेकंदाला ०.२ मीटरवर आणतो. घर्षणाची शक्ती वेगाच्या प्रमाणात घटते. नियंत्रक आणि इन्व्हर्टर यांची वीज तेवढीच राहते. अशा वेळी २ किलोवॅटचे साधारण ०.९ होतात. पण रिकामा वेळ मिळतो किती? ८,००० माणसे १२ तासांत समान विभागली तर दर साडेपाच सेकंदांना एक माणूस येतो आणि उतारावर तो २० सेकंद असतो. म्हणजे संध्याकाळी जिना कधीच रिकामा नसतो. मंद वेग मिळतो तो सकाळच्या पहिल्या तासांत. दिवसातले चार तास मिळाले तर साडेचार युनिट वाचतात. माहितीपत्रकांत बचतीची मोठी टक्केवारी छापलेली असते, ती कमी वर्दळीच्या जिन्याची समजावी.

मोजणीतली चूक : वीजवापर तपासायला बहुतेक जण तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावतात आणि इथेच फसतात. ११ किलोवॅटची मोटर ४०० व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे २१ अँपिअर घेते. रिकाम्या जिन्यावरही मीटर ९ अँपिअर दाखवतो. त्यावरून थ्री-फेजचा १.७३ धरून व्होल्टशी गुणाकार केला की ६.२ येतात आणि रिकामा जिनाच सहा किलोवॅट खातो, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ते ६.२ केव्हीए, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार असतो. हलक्या भारावर इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा, ०.३ च्या आसपास उतरतो, कारण बहुतेक प्रवाह तिच्यातले चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी असतो. खरी शक्ती २ किलोवॅटच असते, आणि ती कळायला किलोवॅट दाखवणारा मीटर हवा.

तसा मीटर हाताशी असेल तर रिकाम्या जिन्याचे किलोवॅट हे दुरुस्तीचे उत्तम लक्षण ठरते, कारण त्यात माणसांचा गोंधळ नसतो. जिना नवा असताना २.० असलेला आकडा काही महिन्यांनी २.६ झाला, तर दिवसाला ७.२ युनिट जास्त जातात. जवळजवळ ४,९०० माणसे उचलण्याइतकी ही वीज आहे, आणि मंद वेगाने वाचवलेले साडेचार युनिट यातच बुडतात. पहिला संशय हँडरेलवर घ्यावा. हँडरेल पायऱ्यांच्या मागे पडू लागले की मेकॅनिक त्याचा ताण वाढवतो. घसरणे थांबते, पण रबर खाचेत घासू लागते. हात ठेवला तर ते कोमट लागते आणि खाली काळी भुकटी साचलेली दिसते. ताण कमी केल्यावर किलोवॅट खाली आले, तर दोष सापडला. आले नाहीत, तर पायऱ्यांची चाके आणि साखळीचे तेल पाहायचे. झिजलेले चाक रिकाम्या जिन्यावर ठरावीक अंतराने टक्-टक् वाजते, आणि पायऱ्यांची एक पूर्ण फेरी झाली की तोच आवाज पुन्हा त्याच जागी येतो.