विषयाची ओळ आणि पहिलं वाक्य: दोघांची कामं वेगळी

ईमेलची विषयाची ओळ आणि आतलं पहिलं वाक्य एकच गोष्ट सांगतात, असा समज असतो. म्हणून बरेच जण वर लिहिलेलंच खाली पुन्हा लिहितात. पण विषय वाचून माणूस मेल उघडायचा की नाही हे ठरवतो आणि पहिलं वाक्य वाचून आत्ता उत्तर द्यायचं की नंतर, हे ठरवतो.

एक उदाहरण घेऊ. छपाई यंत्राचा देखभाल करार 15 तारखेला संपतोय आणि साहेबांचा होकार हवा आहे. सवयीने आपण विषय लिहितो: ‘छपाई यंत्राच्या देखभाल कराराच्या नूतनीकरणास मंजुरी मिळण्याबाबत’. मराठीत क्रिया शेवटी येते आणि फोनवर विषयाचा फक्त सुरुवातीचा भाग दिसतो. त्यामुळे ‘मंजुरी’ हा नेमका महत्त्वाचा शब्द कापला जातो. उरतं ते नुसतं यंत्राचं नाव, आणि ते वाचून हे माहितीसाठी आलंय की आपल्याला काही करायचंय, हे कळत नाही. म्हणून मागणी पुढे आणायची: ‘12 तारखेपर्यंत होकार हवा: छपाई यंत्र देखभाल करार’. यंत्राचं नाव मात्र काढू नका. महिन्याभराने हा मेल शोधताना तेच उपयोगी पडतं. ‘तातडीचे’ एवढाच विषय मला याच कारणासाठी अजिबात पटत नाही.

आता पहिलं वाक्य. बहुतेक इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी किंवा खाली मेलचे सुरुवातीचे शब्द दिसतात. तिथे ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे. गेल्या बैठकीत झालेल्या चर्चेनुसार…’ असं आलं तर ती जागा फुकट जाते. ‘नमस्कार’ पुरे. लगेच लिहा: ‘देखभाल करार 15 तारखेला संपतोय, त्याच दराने एक वर्ष वाढवू का?’ याला फोनवरूनही ‘हो’ एवढं उत्तर देता येतं. बैठकीचा संदर्भ आणि जुने आकडे त्याखाली येऊ द्या.

अनोळखी माणसाला लिहिताना मात्र पहिल्या वाक्यात थेट मागणी नको. हा मेल त्यांनाच का पाठवला, हे आधी सांगा आणि दुसऱ्या वाक्यात मागा.

कुठे चुकलं, हे उत्तरावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. ‘नक्की काय हवंय?’ असं उत्तर आलं तर विषयाने काम केलं, पहिलं वाक्य कमी पडलं. काहीच आलं नाही आणि विचारल्यावर ‘पाहिलाच नाही’ म्हणाले, तर आधी विषय तपासा. पुष्कळदा आपण जुन्याच मेलला उत्तर देत नवी मागणी केलेली असते आणि वर मागच्या महिन्याचा विषय तसाच असतो. अशा वेळी नव्या विषयाने नवा मेल पाठवावा.