उंचीनुसार कार्ब्युरेटरचे जेट बदलणे

समुद्रकिनाऱ्याच्या सखल प्रदेशात नीट चालणारी कार्ब्युरेटरची मोटारसायकल उंच डोंगरात नेल्यावर पेट्रोल-हवेचे बिघडलेले प्रमाण पुन्हा जुळवण्यासाठी कार्ब्युरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट, मुठीबरोबर वरखाली होणारी निमुळती नीडल आणि आयडलिंगचा स्क्रू यांत केलेल्या फेरबदलांना जेटिंग बदलणे असे म्हणतात. भारतात एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. त्यामुळे हा प्रश्न आता मुख्यतः जुन्या गाड्यांपुरता उरला आहे. तरीही दर उन्हाळ्यात मुंबई, पुणे, कोकण आणि गोव्यातून लडाखला जाणाऱ्या जुन्या बुलेटवाल्यांसाठी तो आजही जिवंत आहे. पुढील विवेचन किनारपट्टी ते लेह याच प्रवासाला धरून केले आहे.

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथल्या हवेची घनता किनाऱ्यावरच्या हवेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. सिलिंडर दर फेरीला जवळपास तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो, पण तिच्यातला प्राणवायू एक-तृतीयांशाने घटलेला असतो. कार्ब्युरेटरला हा फरक पुरता कळत नाही. वेंच्युरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, जाणाऱ्या हवेमुळे जो दाबातला फरक निर्माण होतो, तो घनतेच्या प्रमाणात कमी होतो. पेट्रोलचा प्रवाह मात्र त्या दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटतो. म्हणजे हवा 33 टक्के कमी झाली, तरी पेट्रोल सुमारे 18 टक्केच कमी होते आणि मिश्रण रिच बनते, म्हणजेच हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. किनाऱ्यावर वजनाने 13 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असे मिश्रण असेल, तर लेहमध्ये तेच साधारण साडेदहास एक होते.

याची लक्षणे ओळखता येतात. मूठ पूर्ण पिळली की गाडी पुढे झेपावण्याऐवजी गुदमरते आणि धडधडत ओढते, सायलेन्सरमधून काळा धूर व कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि आयडलिंगला इंजिन डुगडुगत बंद पडते. प्लग काढून पाहिला तर त्यावर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी धरलेली असते. शंका असेल तर इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून पाहावा. मिश्रण आधीच रिच असेल तर गाडी आणखी गुदमरेल, आणि चोकने ती सुधारली तर दोष उंचीचा नसून जेटमध्ये कचरा अडकण्यासारख्या दुसऱ्या कारणाचा आहे असे समजावे. अनेक चालक अशा वेळी एअर फिल्टर काढून टाकतात आणि गाडी खरोखर हलकी चालू लागते, कारण हवेची वाट मोकळी होते. परंतु लडाखच्या रस्त्यांवरची बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन रिंगा झिजवते, त्यामुळे हा उपाय करू नये.

मूठ तीन-चतुर्थांशाहून अधिक उघडलेली असताना पेट्रोलचे नियंत्रण मुख्यतः मेन जेट करतो, म्हणून पहिला बदल तिथे होतो. गाडीत मूळ मेन जेट 110 क्रमांकाचा आहे असे धरू. पेट्रोल आणखी 18 टक्क्यांनी कमी करायचे, तर जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे घटले पाहिजे. इथे एक फसगत नेहमी होते. केहिन कंपनीच्या जेटवर आणि मिकुनी कंपनीच्या लहान गोल जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिलेला असतो, तर मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा पेट्रोलचा प्रवाह सांगतो. आकडा व्यासाचा असेल तर व्यास साधारण साडेनऊ टक्केच घटवावा लागतो आणि 110 च्या जागी 100 चा जेट बसतो. आकडा प्रवाहाचा असेल तर तोच बदल 90 च्या जेटने होतो. हा भेद न पाहता दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलला, तर मिश्रण अर्धवट सुधारते किंवा गरजेपेक्षा जास्त लीन, म्हणजे पेट्रोलला कमी पडणारे, होते.

लेहजवळची खारदुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर आहे आणि तिथल्या हिशेबाने व्यासाचा जेट 95 च्या आसपास येतो. तरीही जेट खिंडीसाठी निवडू नये, मुक्कामाच्या उंचीसाठी निवडावा. खिंडीवर गाडी तासाभरापेक्षा जास्त राहत नाही, आणि थोडे रिच मिश्रण गाडीची ताकद खाते पण इंजिनाला इजा करत नाही. लीन मिश्रणाचे तसे नाही.

अर्ध्या मुठीवर नीडलची उंची महत्त्वाची असते. नीडलवर खाचा असतील तर क्लिप एक खाच वर सरकवावी, म्हणजे नीडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होते. आयडलिंगसाठी बाजूचा स्क्रू फिरवावा लागतो, पण त्याची दिशा तो कुठे आहे यावर अवलंबून असते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण लीन होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा असतो आणि आत वळवल्यावर लीन होते. ही गफलत झाली की माणूस दुपारभर स्क्रू फिरवत बसतो आणि गाडी आणखी बिघडत जाते. मूळ जागा किती फेऱ्यांवर होती हे आधी मोजून लिहून ठेवावे. सीव्ही प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट उघडणारी स्लाइड मुठीच्या तारेने नव्हे, तर निर्वाताने उचलली जाते, म्हणून एकदम मूठ पिळल्यावर गाडी कमी गुदमरते, पण मिश्रण रिच होणे त्यालाही टळत नाही.

जेट बदलताना पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, रिकामा करावा. जेट पितळेचा आणि मऊ असतो, म्हणून त्याच्या खाचेत पूर्ण रुंदीचा स्क्रूड्रायव्हरच लावावा, नाहीतर खाच फाटते. जेटमधून तार घालून साफ करू नये, कारण छिद्र रुंदावले की त्यावरचा आकडा खोटा ठरतो. बदलानंतर चढावर पूर्ण मुठीने थोडे अंतर जाऊन, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग अपेक्षित आहे, पांढरा आणि फोडांसारखा दिसणारा प्लग धोक्याचा.

या सगळ्यातून ताकद पूर्ण परत येत नाही. हवा एक-तृतीयांश कमी असल्याने ताकदही जवळपास तेवढीच घटलेली राहते. जेटिंग फक्त जास्तीच्या पेट्रोलमुळे झालेला तोटा भरून काढते. सह्याद्रीत हा प्रश्न सहसा जाणवत नाही, कारण महाबळेश्वर 1,400 मीटरच्या आत आहे आणि तिथे 110 ऐवजी साधारण 106 चा जेट योग्य ठरेल, एवढाच फरक पडतो. तो सांभाळायला स्क्रूचा थोडासा फेर पुरतो.

परतीच्या वाटेवर क्रम उलटा असतो आणि घाई तिथे अधिक असते. 100 चा जेट लावून लेहहून उतरताना अटल बोगद्यानंतर मनाली येते. सुमारे 2,050 मीटरवर त्या जेटने मिश्रण 7-8 टक्के लीन होते आणि बेताच्या वेगात गाडी ते सोसते. पण त्याच जेटवर सपाटीला उतरून उन्हाळ्यात महामार्गावर पूर्ण मुठीने धावल्यास पेट्रोल 17 टक्के कमी पडते, इंजिन तापते, चढावर टकटक आवाज येतो आणि पिस्टन धरण्यापर्यंत वेळ जाते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत हा धोका दुप्पट वाटावा असा असतो, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही घटते. म्हणून मूळ जेट पिशवीत बांधून टूलबॉक्समध्येच ठेवावा आणि मनालीत मुक्काम असतानाच, थंड इंजिनावर, तो परत बसवावा.