लक्स (डिस्क एन्क्रिप्शन)

लक्स ही लिनक्समध्ये संपूर्ण डिस्क किंवा तिचा एखादा विभाग कूटबद्ध करून ठेवण्याची प्रमाणित मांडणी आहे. क्लेमेन्स फ्रूविर्थ यांनी ती 2004 च्या सुमारास आखली. प्रत्यक्ष कूटबद्धीकरण लिनक्स कर्नलमधील डीएम-क्रिप्ट हा घटक करतो. किल्ल्या कुठे व कशा ठेवायच्या एवढेच लक्स ठरवते. `cryptsetup` या साधनाच्या 2.0 आवृत्तीबरोबर 2017 च्या अखेरीस लक्सची दुसरी पिढी आली आणि 2.1 आवृत्तीपासून नव्या डिस्कसाठी तीच गृहीत धरली जाते.

डिस्कवरील माहिती वापरकर्त्याच्या पासफ्रेजने कूटबद्ध होत नाही, हे या मांडणीचे मर्म आहे. डिस्क तयार होताना एक यादृच्छिक किल्ली निर्माण होते, तिला व्हॉल्यूम की म्हणतात. एईएस-एक्सटीएस पद्धतीत ती आता सहसा 512 बिटांची, म्हणजे 64 बाइटांची असते. सर्व माहिती या किल्लीने कूटबद्ध होते आणि किल्ली स्वतः विभागाच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये, पासफ्रेजच्या आवरणात, ठेवली जाते. अशा प्रत्येक आवरणाच्या जागेला की-स्लॉट म्हणतात. पहिल्या पिढीत आठ, तर दुसरीत बत्तीसपर्यंत स्लॉट असू शकतात, त्यामुळे वेगवेगळ्या पासफ्रेजने तीच किल्ली हाती येते.

पासफ्रेज टाइप केल्यावर ती स्लॉटमधील सॉल्टसह, म्हणजे तेथे नोंदलेल्या यादृच्छिक बाइटांसह, आर्गॉन2आयडी या मुद्दाम संथ व स्मृतिखाऊ फलनातून जाते (पहिल्या पिढीत पीबीकेडीएफ2). त्यातून निघालेल्या तात्पुरत्या किल्लीने स्लॉटमधील मजकूर उलगडतो. मिळालेली व्हॉल्यूम की खरी आहे की नाही, हे हेडरमधील डायजेस्टशी, म्हणजे त्या किल्लीवरून काढून ठेवलेल्या ठशाशी, ताडून पाहिले जाते. पासफ्रेज स्वतः कुठेही नोंदलेली नसते. कोणताच स्लॉट जुळला नाही, तर पुढील संदेश येतो:

```
No key available with this passphrase.
```

स्लॉटमधील मजकूर 64 बाइटांचा नसतो. फ्रूविर्थ यांच्या विभाजन-तंत्रानुसार किल्ली 4000 पट्ट्यांत पसरवली जाते, म्हणजे तिचे 2,56,000 बाइट होतात, आणि त्यांतील एखादा सेक्टर नष्ट झाला तरी किल्ली परत जुळत नाही. चुंबकीय डिस्क खराब सेक्टर परस्पर बाजूला काढते व त्याची जुनी प्रत मागे राहू शकते. लहानशी किल्ली अशा एकाच सेक्टरात मावली असती, तर स्लॉट पुसूनही ती वाचली असती. एसएसडीवर या तंत्राचा कितपत उपयोग होतो याविषयी मतभेद आहेत. तेथे पूर्ण स्लॉटचीच जुनी प्रत फ्लॅशमध्ये मागे राहू शकत असल्याने, त्यावर फारशी भिस्त न ठेवणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

पासफ्रेज बदलणे क्षणात उरकते ते याच दुहेरी रचनेमुळे: `luksChangeKey` या आदेशाने फक्त आवरण बदलते, डिस्कवरील माहिती जशीच्या तशी राहते. मात्र एखाद्याने जानेवारीत `luksHeaderBackup` वापरून हेडरची प्रत ठेवली, पुढे पासफ्रेज फुटली आणि मार्चमध्ये ती बदलली, असे समजू. जानेवारीची प्रत व फुटलेली पासफ्रेज ज्याच्या हाती असेल, त्याला मार्चनंतरही डिस्क उघडता येईल, कारण व्हॉल्यूम की तीच आहे. अशा वेळी `cryptsetup reencrypt` चालवून नव्या किल्लीने सगळी माहिती पुन्हा लिहावी लागते. उलट, हेडरवर चुकून दुसरे काही लिहिले गेले आणि प्रत ठेवलेली नसेल, तर अचूक पासफ्रेजही निरुपयोगी ठरते. दुसऱ्या पिढीत हेडरच्या वर्णनाची जोडप्रत असते, पण स्लॉटच्या मजकुराची नसते.

संगणक सुरू होताना फर्मवेअर बूटलोडरला आणि बूटलोडर कर्नल व इनिटरॅमएफएस यांना स्मृतीत आणतो. प्रचलित मांडणीत हे दोन्ही `/boot` या कूटबद्ध नसलेल्या विभागात असतात. इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती फाइलप्रणाली पासफ्रेज विचारते आणि जे करते ते साधारणपणे असे:

```
cryptsetup open /dev/sda3 cryptroot
```

यानंतर `/dev/mapper/cryptroot` हे उपकरण दिसू लागते, ते मूळ फाइलप्रणाली म्हणून जोडले जाते आणि पुढचा कारभार नेहमीप्रमाणे चालतो. `/boot` सुद्धा कूटबद्ध असेल, तर पासफ्रेज ग्रब या बूटलोडरलाच विचारावी लागते. ग्रब 2.06 दुसरी पिढी ओळखतो, पण स्लॉट पीबीकेडीएफ2 चा असेल तरच. या टप्प्यावर कळफलकाची मांडणी बहुधा अमेरिकी असते, म्हणून पासफ्रेजमधील विशेष चिन्हे भलत्याच कळांवर जातात आणि बरोबर पासफ्रेजही नाकारली जाते. पुढचा संशय स्मृतीवर घ्यावा: आर्गॉन2 ला लागणारी स्मृती स्लॉट बनवताना त्या यंत्रावरून ठरते, त्यामुळे कमी स्मृतीच्या यंत्रात लावलेली डिस्क कधी कधी उघडत नाही.

एकदा उघडल्यावर व्हॉल्यूम की उपकरण बंद होईपर्यंत कर्नलच्या स्मृतीत राहते, सर्वसाधारणपणे यंत्र निद्रावस्थेत असतानाही. बंद अवस्थेत चोरीला गेलेल्या यंत्रातील माहिती लक्स राखते. चालू यंत्रात शिरलेल्याला, अथवा उघड्या `/boot` मधील इनिटरॅमएफएस बदलून पासफ्रेज टिपणाऱ्याला, ते अडवत नाही.