ब्रोशरमधले 910 फूट

आईवडिलांनी 2004 मध्ये कोथरूडला टू बीएचके घेतला, त्याचं ब्रोशर अजून कपाटात आहे. आतल्या पानावर प्लॅन आणि खाली मोठ्या अक्षरात ‘910 स्क्वेअर फूट’. हे 910 कशाचे, ते कुठेच लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी तो विकून नवीन घ्यायचं ठरलं, तेव्हा टेप घेऊन मी खोलीन् खोली मोजली. हॉल 160, किचन 80, बेडरूम 120 आणि 110, दोन टॉयलेट मिळून 60, पॅसेज 35. बेरीज 565. हॉलची बाल्कनी आणि किचनची ड्राय बाल्कनी धरून आणखी 78, म्हणजे एकूण 643. उरलेले 267 फूट घरात सापडणं शक्यच नव्हतं.

ते आले कसे, तर पायरीपायरीने. 643 मध्ये आतल्या भिंतींचे सुमारे 30 फूट आणि बाहेरच्या भिंतींच्या वाट्याचे सुमारे 27 मिळवले की 700 होतात. हा बिल्टअप. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी वगैरेंच्या नावाने 30 टक्के लोडिंग चढवलं की बरोबर 910. हाच सुपर बिल्टअप, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘सेलेबल’ म्हणतात तो. भाव 1,800 रुपये फूट होता, म्हणजे 16,38,000 रुपये. पण वापरायला मिळालेल्या 643 फुटांनी भागलं तर तोच भाव 2,547 पडतो. लोडिंग किती लावायचं याला नियम नव्हता. कुणी 25 लावायचा, कुणी 40. त्यामुळे दोन बिल्डरांचे भाव शेजारी ठेवून बघण्यात काही अर्थच उरत नसे. मला याचा आजही राग येतो, कारण आईवडिलांनी चार साइट बघून ‘फुटाला स्वस्त’ म्हणूनच हा फ्लॅट निवडला होता.

कायद्यात मात्र सुपर बिल्टअप कधीच नव्हता. महाराष्ट्रात 1963 पासून मोफा हा फ्लॅटविक्रीचा कायदा आहे आणि त्याच्या नमुना करारनाम्यात कार्पेटचाच, म्हणजे खोल्यांच्या आतल्या वापरायच्या जागेचाच, आकडा लिहायचा असे, तोही ‘बाल्कनी धरून’. म्हणून ब्रोशरवर 910 आणि करारात त्याहून बराच कमी आकडा, तोही चौरस मीटरमध्ये, असं पुण्यातल्या कितीतरी घरांत दिसेल. मीटरला 10.764 ने गुणून बघायचं त्या काळी फारसं कुणाला सुचत नसे. 2008 मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि फ्लॅट कार्पेटवरच विकायचं बंधन आलं. तोंडी व्यवहारात ‘सेलेबल’ तरीही टिकून राहिला.

मराठीत आणखी एक गोंधळ आहे. एफएसआयला आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो, पण तो मोजतो प्लॉटच्या तुलनेतलं बांधकाम. चटईशी, म्हणजे कार्पेटशी, त्याचा थेट संबंध नाही.

1 मे 2017 पासून रेरा हा घरखरेदीचा केंद्रीय कायदा पूर्णपणे लागू झाला आणि कार्पेटची व्याख्याच बदलली. आता आतल्या भिंती कार्पेटमध्ये येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडा टेरेस येत नाहीत. आमचाच फ्लॅट जुन्या पद्धतीने 643 कार्पेट होतो, आणि रेराने 565 अधिक 30, म्हणजे 595. घर तेच, एक वीट हललेली नाही. जुन्या सोसायटीतला रीसेल आणि बाणेर-वाकडचा नवीन फ्लॅट ‘कार्पेट’ या एका शब्दावर तोलणाऱ्यांची इथेच फसगत होते. नव्याच्या 595 सोबत बाल्कनीचे 78 वेगळे मिळतात. जुन्याच्या 643 मध्ये ते आधीच धरलेले असतात, भिंतींचे 30 मात्र नसतात. दोन्हीकडे भिंती आणि बाल्कनी सारख्याच धरून मगच भाव काढावा. आमच्या घरात ती बेरीज 673.

काही एजंट आजही ‘रेरा कार्पेट 595, यूजेबल 673’ म्हणतात. हिशोब खोटा नाही, पण करारात बाल्कनीचा आकडा वेगळा लिहिलेला हवा. काच लावून खोलीत घेतलेली बाल्कनी बघताना बेडरूमचाच भाग वाटते, कागदावर ती बाल्कनीच असते.

ताबा घेताना रेराचा आकडा तपासायचा तर खोल्यांची बेरीज पुरत नाही, ती कमीच भरणार. दाराच्या चौकटीपाशी आतल्या भिंतीची जाडी मोजायची, भिंतीच्या लांबीने गुणायची आणि खोल्यांच्या बेरजेत मिळवायची. महारेराच्या नमुना करारात 3 टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे. 595 वर तो जेमतेम 18 फूट होतो. कार्पेट कमी भरलं, तर जास्त घेतलेले पैसे बिल्डरने 45 दिवसांत व्याजासह परत करायचे असतात.