वेलबुट्टी लावली म्हणून फोटोचं लघुचित्र होत नाही

गेल्या लग्नसराईनंतर भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, आमच्या फोटोवरून लघुचित्र करून घेतलं. कसं झालंय?" पैठणीतली भाचेसून, फेट्यातला भाचा, मागे देवगिरीचा किल्ला, चहूबाजूंनी सोनेरी वेलबुट्टी. आणि भाच्याच्या नाकाची काळी सावली डाव्या गालावर! म्हणजे फोटोच तो, दरबारी कपडे घातलेला.

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता समजावून सांगायचाही कंटाळा येतो. त्यात हे शहर दख्खनी लघुचित्रांचं. १६५० साली इथे, औरंगाबादेत, एका राजपूत सरदारासाठी 'रसमंजरी'ची सचित्र पोथी तयार झाली होती.

फोटो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅमेरा एका जागी, उजेड एका बाजूने. किनारीचं, म्हणजे हाशियाचं, फार मनावर घेऊ नका. ती चांगली असावी, पण ती कशालाही लावता येते. बारीक कामाबद्दल एवढंच की 'एका केसाचा ब्रश' ही थाप आहे. एका केसात रंग थांबतच नाही. ब्रशला केस पुष्कळ असतात, टोक तेवढं एका केसाइतकं निमुळतं असतं.

खरा घोळ सपाटपणात आहे. लोकांना वाटतं, सपाट म्हणजे एकसारखा रंग भरलेला, पोस्टरसारखा. तसं नाही. लघुचित्रातल्या गालाला गोलाई असते, पण ती सावलीतून येत नाही. त्वचेचा रंग आधी सारखा लावतात. मग त्याहून किंचित गडद रंगाच्या अगदी बारीक रेघा आणि ठिपके कडेकडेने देतात: हनुवटीखाली, नाकपुडीभोवती, जबड्याच्या रेषेला लागून. मध्याकडे येईतो ते विरत जातात. याला परदाज म्हणतात. गडदपणा कडेला धरून चालतो, दिव्याला नाही. म्हणून दोघांच्या चेहऱ्यावर उजेड कुठून आला हे सांगताच येत नाही. सांगता आलं, तर चित्रकाराने बहुधा फोटो गिरवलाय. (जहांगीरच्या काळातल्या मोगल चित्रकारांनी युरोपी चित्रं पाहून छायाप्रकाश थोडा उचलला होता, हे खरं. पण गालावर नाकाची सावली त्यांनीही सहसा टाकली नाही.)

उजेडासारखंच नजरेचंही. भाच्याच्या फोटोत दोघं गालिच्यावर बसलेली होती आणि गालिचा मागे निमुळता होत गेला होता, कॅमेऱ्याला दिसतो तसा. लघुचित्रात गालिचा वरून पाहिल्यासारखा पूर्ण चौकोनी येतो, त्याची नक्षी कुठेही दबत नाही. त्यावर बसलेली माणसं मात्र बाजूने पाहिलेली. मागची दासी लहान होत नाही, फक्त कागदावर वर सरकते. एकाच चित्रात दोन-तीन ठिकाणांहून पाहणं चालतं. किंबहुना तेच हवं असतं.

म्हणून समोरून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी. दरबारी चित्रात चेहरा बहुतेक वेळा एकचश्म असतो, म्हणजे पूर्ण बाजूचा, एकच डोळा दिसणारा. राजपूत धाटणीत तर तो डोळा समोरून पाहिल्यासारखा लांबट काढतात. समोरच्या फोटोवरून नाकाची बाजूची रेघ कळत नाही, चित्रकार ती मनाने काढतो आणि मग घरचे म्हणतात, "हा आमचा पोरगा नाहीच."

मी भाच्याला दोघांचे बाजूचे फोटो पुन्हा काढायला लावले. अडीच-तीन मीटर लांबून, झूम करून, कॅमेरा कानाच्या उंचीवर. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतो, मग तीच चूक चित्रात येते. ओळखीच्या चित्रकर्तीने फोटोवरून नुसत्या बाह्यरेषा उतरवल्या, सावल्या सगळ्या सोडल्या. सहा बाय नऊ इंचांच्या चित्रात चेहरा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. पैठणीच्या पदरावरचे मोर तिने मोजून कमी केले, कारण सगळे काढले तर चेहऱ्याआधी पदरच दिसतो. वार्निश लावायचं नाही, एवढं मी बजावलं होतं; यातली झळाळी चित्र उपडं ठेवून मागून अकीकाच्या दगडाने घोटल्यावर येते. वार्निशची काचेसारखी चकाकी दिसली की मी दुकानाच्या पायरीवरूनच परततो.

चित्र आलं तेव्हा भाचेसून बराच वेळ बघत राहिली. "माझं नाक असं आहे?" तिने स्वतःला बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. तिची आई मागून म्हणाली, "असंच आहे बाई. माझ्या सासूचं."