लाल आकडे उन्हात का हरवतात: स्मार्टवॉचच्या फेसमागचा ५० वर्षांचा घोळ

माझा मावसभाऊ मिरामारला पळतो, सकाळी उशिरा उठतो म्हणून पळणं सुरू होईपर्यंत नऊ-साडेनऊ झालेले असतात आणि तोवर समुद्रावरचं ऊन डोळ्यांत घुसायला लागलेलं असतं. मागच्या महिन्यात म्हणाला, "दादा, वॉच बिघडलंय रे, वेळ दिसते पण हार्टरेट दिसतच नाही." बघितलं तर वॉच एकदम ठणठणीत. काळा फेस, पांढरी वेळ, आणि हार्टरेट छान लालभडक, बॅटरी निळी. घरात बघायला मस्त, उन्हात गायब. हा प्रॉब्लेम आजचा नाही, १९७२ मध्येच विकत मिळायला लागला होता तो.

त्या वर्षी अमेरिकेत हॅमिल्टनचं पल्सर बाजारात आलं, एलईडीचे लाल आकडे दाखवणारं पहिलं मनगटी डिजिटल घड्याळ, सोन्याच्या केसमध्ये, किंमत २,१०० डॉलर. एलईडी म्हणजे स्वतः उजेड टाकणारा बारका दिवा, आणि हा दिवा बॅटरी इतकी खायचा की आकडे कायम चालू ठेवणं शक्यच नव्हतं, वेळ बघायला बटण दाबायचं. म्हणजे एक हात घड्याळाचा आणि दुसरा बटणाचा. वर भर उन्हात ते लाल आकडे फिके पडायचे, मग लोक हाताची ओंजळ करून बघायचे.

मग १९७३ मध्ये सेकोने सहा आकडी एलसीडी घड्याळ आणलं आणि सगळं उलटं झालं. एलसीडी स्वतः उजेड टाकत नाही, बाहेरचा उजेड परत फेकते, आकडे तेवढे काळे. जितकं ऊन जास्त तितकं ते स्पष्ट. आमचे मामा तारवटी, बोटीवरून येताना असलं घड्याळ घेऊन यायचे, आणि शेतात भर दुपारी, लांबून, तिरकं बघूनसुद्धा वेळ कळायची. रात्री मात्र त्या बाजूच्या मिणमिणत्या दिव्याचं बटण दाबून काही धड दिसायचं नाही, ते वेगळं.

तर घड्याळाच्या स्क्रीनच्या या दोन जाती, एक दिवा आणि एक आरसा, आणि पुढचा सगळा इतिहास म्हणजे यांच्यातली ये-जा आहे. २०१३ चं पेबल स्मार्टवॉच आरशाच्या जातीचं. गार्मिनची बरीच पळायची वॉचेस वर्षानुवर्षं त्याच जातीची होती, ज्याला मेमरी-इन-पिक्सेल म्हणतात, ६४ रंग, घरात जरा मळकट वाटतात पण उन्हात ऐटीत. २०१५ मध्ये अॅपल वॉच ओएलईडी घेऊन आलं आणि आपण परत दिव्याकडे, म्हणजे पल्सरकडेच आलो की. फरक एवढाच की हा दिवा आता खूप प्रखर झालाय: निट्स म्हणजे स्क्रीन किती उजळ त्याचं माप, पहिल्या अॅपल वॉचला ४५० निट्स सांगायचे, २०१६ च्या सिरीज २ ला १,०००, २०२२ च्या अल्ट्राला २,००० आणि २०२३ च्या अल्ट्रा २ ला ३,०००. निट्स वाढले म्हणून लोकांना वाटतं प्रॉब्लेम संपला, पण संपला तो फक्त पांढऱ्या रंगापुरता.

इथे थोडा हिशोब करूया. दुपारचं थेट ऊन साधारण १ लाख लक्स, लक्स म्हणजे वरून पडणाऱ्या उजेडाचं माप. काच आणि स्क्रीनवरून त्यातला फक्त १ टक्का परत आपल्या डोळ्यांकडे पसरला असं धरलं तरी काळ्या भागावर सुमारे ३०० निट्सचा धूसर उजेड साचतो, म्हणजे उन्हात तुमचा काळा काळा राहतच नाही. वॉच १,००० निट्सचं असेल तर पांढऱ्या अक्षराच्या आणि मागच्या काळ्याच्या उजेडाचं प्रमाण १,३०० भागिले ३००, म्हणजे ४.३. आता लाल. डोळ्याला शुद्ध लाल हा पांढऱ्याच्या जेमतेम २१ टक्केच उजळ लागतो, निळा तर ७ टक्के. म्हणजे लाल ५१० भागिले ३००, १.७. निळा १.२, म्हणजे असून नसल्यासारखा. आणि पिवळा? तो ९३ टक्के उजळ, प्रमाण ४.१, पांढऱ्याच्या अगदी जवळ. वेबसाइट बनवणारे बारीक अक्षराला ४.५ आणि मोठ्याला ३ हे किमान मानतात, तेव्हा मावसभावाचा हार्टरेट कुठे पडतो ते बघा. ३,००० निट्सच्या वॉचवरसुद्धा लाल ३ च्या आसपासच जातो, म्हणजे १,००० निट्सच्या वॉचवरच्या पांढऱ्यापेक्षा कमीच. राखाडीही असाच फसवतो, मधला राखाडी हा लालाइतकाच अंधुक, आणि फेसवर लेबलं नेमकी त्याच रंगात असतात.

आता कॉम्प्लिकेशन. हा शब्द जुन्या घड्याळजींचा, तास-मिनिट-सेकंद सोडून घड्याळ जे काही दाखवेल, तारीख, चंद्रकला, स्टॉपवॉच, ते सगळं कॉम्प्लिकेशन, कारण तेवढी चाकं वाढायची. एकेक चाक बसवायला घड्याळजीचा जीव जायचा म्हणून डायलवर गर्दी होत नसे. अॅपलने हाच शब्द उचलला, गूगलच्या घड्याळांच्या अँड्रॉइड वेअर २.० मध्येही २०१७ मध्ये तोच आला, पण आता चाक बसवायचं नसल्यामुळे लोभ सुटला, २०१८ च्या इन्फोग्राफ फेसवर एकदम ८ कॉम्प्लिकेशन. जागा तेवढीच, म्हणून अक्षर बारीक, आणि बारीक अक्षराची रेघ एक-दोन पिक्सेलची, कडा अर्धवट उजळलेल्या, त्यामुळे वरच्या हिशोबातलं प्रमाणही प्रत्यक्षात आणखी घसरतं.

मावसभावाचं काय केलं ते सांगतो. फेसवर बोट दाबून धरलं, एडिटमध्ये गेलो, आधी रंग पांढरा, हार्टरेट पिवळा, मग आठातली सहा कॉम्प्लिकेशन काढली, उरली दोनच, हार्टरेट आणि अंतर, दोन्ही मोठ्या खणात. हवामानाचं काढताना थोडी कुरकुर झाली, पण भिजतो की नाही ते मिरामारवर कळतंच ना. बॅटरीचा निळा गोल गेला. काटेवाला फेस होता तो आकड्यांचा केला, कारण बारीक काटा ही पण रेघच.

त्याआधी एक परीक्षा घेतली होती, ती कुणालाही जमेल. फेसचा स्क्रीनशॉट काढायचा आणि फोनवर तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. जे काळसर होऊन मागच्या काळ्यात मिसळतं ते उन्हात हरवणार. त्याचा हार्टरेट जवळजवळ बुडालेलाच होता. स्क्रीनशॉटमध्ये ऊन नसतं त्यामुळे जे टिकतं ते सगळं उन्हात टिकेलच असं नाही, ते बाहेर जाऊनच बघायचं.

आरशाच्या जातीचं वॉच असेल तर मात्र हे सगळं उलटं करा. तिथे पांढरा फेस आणि काळे जाड आकडे, आणि उन्हात बॅकलाइट वाढवून काही फायदा नाही, तो उन्हापुढे दिसतच नाही. रंगीत आकडे तिथेही मंद, कारण रंगाचा फिल्टर उजेड गिळतो.

आणि दोन गोष्टी ज्या फेस बदलून सुटत नाहीत. ऑलवेज-ऑनमध्ये हात खाली असताना स्क्रीन मुद्दाम मंद केलेली असते, बॅटरी वाचावी आणि बर्न-इन, म्हणजे स्क्रीनवर कायमचा डाग, होऊ नये म्हणून, त्यामुळे सायकलच्या हँडलवर हात ठेवून खाली बघितलं तर मनगट वळवेपर्यंत तुम्हाला तेच मंद रूप दिसतं. दुसरं पोलराइज्ड गॉगल. म्हणजे ठरावीक दिशेचाच उजेड आत सोडणारा. बऱ्याच स्क्रीनवरही तसलाच पोलरायझर असतो, दोन्ही एकमेकांना आडवे आले की अख्खा फेस काळा पडू शकतो, आणि मावसभाऊ नवीन गॉगल घालून आला त्या दिवशी परत तेच, "दादा, वॉच गेलं." गॉगल कपाळावर चढवला तर आलं.