एका सर्व्हरवर तीस डेस्कटॉप : शाळेच्या लॅबमधल्या व्हीडीआयची पार्श्वभूमी

शाळेच्या संगणक लॅबसाठी दरपत्रकं मागवली की त्यांतल्या दोन-तीनांवर तरी ‘व्हीडीआय’ लिहिलेलं असतं. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत एकच विंडोज किंवा लिनक्स तीस मुलं वाटून वापरतात. दुसरीत प्रत्येक मुलाला सर्व्हरच्या पोटात चालणारा स्वतंत्र संगणक मिळतो. व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर हे नाव खरं तर दुसरीचं. ही गल्लत समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं, कारण या दोन गोष्टींची घराणीच निराळी आहेत.

पहिलं घराणं शिक्षणातूनच आलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये एका मोठ्या संगणकाला टंकलेखन यंत्रासारखी अनेक टेलिटाइप यंत्रं जोडली. संगणक प्रत्येकाला क्षणभर वेळ द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचा, त्यामुळे यंत्र आपल्या एकट्यासाठीच चालतंय असं प्रत्येकाला वाटायचं. बेसिक ही भाषाही तिथेच, त्याच विद्यार्थ्यांसाठी जन्मली. हीच कल्पना सिट्रिक्स कंपनीने १९९५ मध्ये विनफ्रेमच्या रूपाने विंडोजवर आणली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, तर १९९९ पासून लिनक्सवर एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प जुन्या पीसींना टर्मिनल बनवू लागला.

शाळांमध्ये ही पद्धत खूप पसरली ती एनकॉम्प्युटिंग या कंपनीमुळे. एका साध्या पीसीत एक कार्ड बसवायचं आणि केबलने छोट्या डब्या जोडायच्या. प्रत्येक डबीला मॉनिटर, कीबोर्ड, माउस. २००८ मध्ये तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाने सुमारे ५,००० शाळांसाठी हीच व्यवस्था निवडली. खर्च खरोखर वाचत होता. पण आत विंडोज एकच. एका मुलाने जड प्रोग्रॅम उघडला की शेजारचे पाचही रखडायचे, आणि ‘हा प्रोग्रॅम आधीच सुरू आहे’ म्हणून दुसऱ्या मुलाला अडवणारी सॉफ्टवेअरंही कमी नव्हती.

दुसरं घराणं आयबीएमचं. १९७२ च्या व्हीएम/३७० या प्रणालीत एका मेनफ्रेमचे, म्हणजे मोठ्या संगणकाचे, अनेक ‘आभासी’ मेनफ्रेम व्हायचे, प्रत्येकात आपापली ऑपरेटिंग सिस्टिम. पीसीच्या प्रोसेसरवर हे अवघड होतं. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ते सॉफ्टवेअरच्या करामतीने जमवलं, आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडीने त्यासाठीची सोय थेट प्रोसेसरमध्ये दिली. २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच केव्हीएम हा फुकटचा हायपरव्हायजर आला. हायपरव्हायजर म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारा थर. ‘सर्व्हरवर डेस्कटॉप ठेवू आणि टेबलावर फक्त पडदा पाठवू’ ही कल्पना याच काळात व्हीडीआय या नावाने बाजारात आली.

आता तीस जागांची लॅब घेऊन हिशेब करू. प्रत्येक टेबलावर थिन क्लायंट, म्हणजे हार्डडिस्क नसलेली किंवा नावापुरती असलेली डबी. ती कीबोर्ड-माउसच्या खुणा सर्व्हरला पाठवते आणि बदललेल्या पडद्याचं चित्र परत घेते. सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स ही केव्हीएम वापरणारी प्रणाली आणि त्यात विंडोज ११ चे तीस आभासी संगणक, प्रत्येकाला २ व्हर्च्युअल कोअर आणि ४ जीबी मेमरी.

एकूण ६० व्हर्च्युअल कोअर झाले, पण मुलं टाइप करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. एका खऱ्या कोअरवर चार बसवले तरी चालतं, म्हणून १६ कोअर पुरतात. मेमरी मात्र अशी ताणता येत नाही. तीस गुणिले चार म्हणजे १२०, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या कामाला १६ धरले की १३६ जीबी. दरपत्रकात १२८ लिहिलेले असतात आणि ते ऐकायला भरपूर वाटतात. तिथेच फसायला होतं, १९२ घ्यावेत.

खरी मेख डिस्कमध्ये आहे. तासाची घंटा झाली की तीस मुलं एका मिनिटात बटण दाबतात. समजा, एका विंडोजला सुरू होताना १५,००० छोटी वाचनं लागतात. तिसांची मिळून साडेचार लाख. फिरणारी साधी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभर करते. म्हणजे ४,५०० सेकंद, सव्वा तास! तास संपून मधली सुट्टी होईल, पण डेस्कटॉप दिसणार नाही. चांगल्या एसएसडीला हीच वाचनं काही सेकंदांची. याला बूट स्टॉर्म म्हणतात, आणि तो ओळखणं सोपं आहे: सगळ्या पडद्यांवर गोल फिरतंय, प्रोसेसर निवांत आहे, आणि प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर `IO delay`, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ, चढलेला आहे.

उपाय दोन. पहिला, तीस पूर्ण प्रती न करता एक मूळ साचा आणि त्याला जोडलेल्या हलक्या प्रती ठेवायच्या. मूळ साचा एकदा वाचला की त्याचा बराच भाग सर्व्हरच्या मेमरीत राहतो, पुढच्यांना डिस्कपर्यंत जावंच लागत नाही; त्यासाठीही जास्तीची मेमरी उपयोगी पडते. दुसरा, सकाळी शाळा भरण्याआधी सर्व्हर सुरू करून संगणक एकामागून एक उठवायचे:

```
qm template 9000
qm clone 9000 101 --name lab-01
qm set 101 --onboot 1 --startup order=1,up=20
```

यात ९००० हा साच्याचा क्रमांक आणि १०१ हा पहिल्या प्रतीचा; मागच्या दोन ओळी प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा द्यायच्या. शेवटच्या ओळीतले २० म्हणजे पुढचा संगणक उठण्याआधी थांबायचे सेकंद. तिसांना दहा मिनिटं लागतात. साचा ४० जीबीचा आणि प्रत्येक प्रत १० जीबीपर्यंत वाढली तरी एकूण ३४० जीबी. त्यामुळे ९६० जीबीच्या दोन एसएसडी एकमेकींचा आरसा म्हणून पुरतात, फक्त त्या सर्व्हरसाठी बनवलेल्या असाव्यात. घरगुती एसएसडी सततच्या लिखाणाने दमतात. मुलांच्या फाइली वेगळ्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवाव्यात. मग तास संपला की प्रत मूळ रूपावर आणता येते आणि कुणी बदललेला वॉलपेपर आपोआप जातो.

नेटवर्क त्या मानाने सोपं. तिसांनी एकदम व्हिडिओ लावला आणि प्रत्येकी १० एमबीपीएस धरले तरी ३०० होतात, गिगाबिट स्विचमध्ये मावतात. वाय-फायवर मात्र हे करू नये. थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकवायचं असेल तर सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग खर्चाचं गणितच बदलतं.

दोन अडचणी दरपत्रकात दिसत नाहीत. पीसीबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या यंत्रालाच बांधलेला असतो, आभासी संगणकाला चालत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. आणि सर्व्हर बंद म्हणजे अख्खी लॅब बंद. वीज क्षणभर गेली आणि यूपीएसवर सर्व्हर आहे पण स्विच नाही, तरी तीसही पडदे काळे होतात.

नुसतं टायपिंग आणि स्क्रॅच शिकवायचं असेल तर पहिल्या घराण्यातली एलटीएसपीसारखी व्यवस्था कमी पैशात भागवते. तीत कमीपणा काही नाही; फक्त पैसे व्हीडीआयचे मोजलेले नसावेत. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला की दोन टेबलांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन्हीकडे `hostname` टाइप करावं. दोन्हीकडे एकच नाव आलं, तर समोर आहे ते बहुधा एकच विंडोज, वाटून घेतलेलं.